रागाच्या भरात सांगितलेलं

ग्राहकसेवेच्या नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं. ‘एका अत्यंत संतप्त ग्राहकाला मी संयमाने हाताळून शांत केले व त्याच्या समस्येचे समाधानकारक निराकरण केले.’ शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो. असे अर्ज वाचणं हा बऱ्याच काळापासून माझ्या कामाचा भाग आहे. त्याआधी मी स्वतः हेडफोन लावून त्या खुर्चीत बसले आहे. त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे, की हे वाक्य लिहिणारे बहुतेक जण खरंच सांगत असतात. त्यांनी कुणाला तरी शांत केलेलं असतंच. पण तो माणूस का चिडला होता, त्याचं काय अडलं होतं, तो नेमकं काय बोलत होता, यातलं काहीच त्या वाक्यातून कळत नाही. कळतं ते एवढंच, की समोरचा आरडाओरडा करत होता आणि अर्जदार शहाण्यासारखा वागला.

म्हणून अर्जातला हा परिच्छेद आला की मी अर्जदाराकडे कमी आणि त्याने लिहिलेल्या ग्राहकाकडे जास्त बघते. आपल्यावर ओरडलेल्या माणसाबद्दल, तो समोर नसताना, नोकरी मिळवण्यासाठी आपली बाजू उजळ दिसायला हवी असताना, आपण कसं लिहितो? नोकरीच्या जाहिरातीत ज्याला ‘एम्पथी’ म्हणतात ती अर्जदाराकडे आहे की नाही, याचा पुरावा पत्रात दुसरीकडे कुठे शोधायची गरजच पडत नाही. ‘मी सहनशील आहे’ या विधानाची खातरजमा मला करता येत नाही. पण चिडलेल्या माणसाला ज्याने कारणासकट उभं केलं आहे, त्याने तो माणूस ऐकला होता, हे मला कागदावरच दिसतं.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते एका मुलीच्या पत्रामुळे. पूर्वी ती माझ्या टीममध्ये होती, नंतर दुसऱ्या एका ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत गेली, आणि आता तिसऱ्या ठिकाणी अर्ज करत होती. ‘ताई, एकदा नजर टाका ना,’ म्हणून तिने मसुदा पाठवला. पत्र नीटनेटकं होतं. मधला परिच्छेद असा:

‘माझ्या सध्याच्या कंपनीत मला दररोज अनेक संतप्त ग्राहकांशी संवाद साधावा लागतो. एकदा एका ग्राहकाने रिफंडला उशीर झाल्यामुळे अतिशय उद्धट भाषेत बोलण्यास सुरुवात केली. मी मात्र शांत राहून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, त्यांची क्षमा मागितली आणि संबंधित विभागाशी समन्वय साधून त्यांची समस्या सोडवली. ग्राहक अत्यंत समाधानी झाले.’

मी तिला फोन लावला आणि विचारलं, ‘तो माणूस काय म्हणत होता गं?’

‘ओरडत होता, ताई. नुसता ओरडत होता.’

‘हो, पण ओरडून काय म्हणत होता?’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग जे सांगायला लागली ते थांबेचना. तिला तो कॉल जवळजवळ शब्दन् शब्द आठवत होता. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की तिने लिहिलेल्या परिच्छेदात यातलं काही म्हणजे काहीच आलेलं नव्हतं.

घडलं होतं ते असं. त्या गृहस्थांनी मुलीसाठी लॅपटॉप मागवला होता. डिलिव्हरीची तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, म्हणून त्यांनी माल निघायच्या आतच ऑर्डर रद्द केली. रद्द झाल्याचा मेसेज लगेच आला. पैसे पाच ते सात कामाच्या दिवसांत परत येतील, असंही त्यात होतं. ते आले नाहीत. त्यांनी फोन केला. एजंटने स्क्रीनवर पाहिलं, तिथे ‘रिफंड प्रोसेस्ड’ अशी हिरवी खूण होती. त्याने सांगितलं, ‘सर, आमच्याकडून झालेला आहे, पाच ते सात कामाचे दिवस वाट बघा.’ काही दिवसांनी पुन्हा फोन, दुसरा एजंट, तीच हिरवी खूण, तेच उत्तर. तिसऱ्या वेळीही तेच. प्रत्येक फोनला त्यांचे पाच ते सात दिवस नव्याने सुरू होत होते. चौथा फोन हिला लागला.

कॉल जोडला जाण्याआधी हिच्याकडे अगदी थोडा वेळ होता. तेवढ्यात तिने त्या तक्रारीच्या तिकिटावरच्या आधीच्या नोंदी वाचल्या. तिन्ही नोंदी जवळपास सारख्याच होत्या: ग्राहकाने रिफंडबद्दल विचारलं, मुदत सांगितली, कॉल बंद. त्यामुळे ‘नमस्कार, मी तुमची काय मदत करू शकते’ हे ठरलेलं वाक्य तिने म्हटलं खरं, पण त्याला लागूनच म्हणाली, ‘सर, तुमच्या आधीच्या तिन्ही कॉलच्या नोंदी माझ्यासमोर आहेत. तुम्हाला परत पहिल्यापासून सांगावं लागणार नाही. आणि पाच ते सात दिवस हे उत्तर मी तुम्हाला देणार नाही.’

या तीन वाक्यांचं मला फार महत्त्व वाटतं. चिडून फोन करणारा माणूस बहुतेक वेळा एका भीतीने बोलत असतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार आणि पुन्हा तेच ऐकून फोन ठेवावा लागणार, ही ती भीती. आवाज चढतो तो पुष्कळदा यासाठी, की या वेळी तरी वेगळं काहीतरी घडावं. त्याला ‘शांत व्हा’ म्हटलं की तो आणखी भडकतो, कारण तो कसा बोलतो आहे याचीच तेवढी दखल घेतली गेली, काय बोलतो आहे त्याची नाही. ‘मी तुमच्या भावना समजू शकते’ हेही नुसतं म्हटलं तर तसंच लागतं. कुठल्या भावना, कशामुळे आलेल्या, हे पुढे नसेल तर ते वाक्य कुठल्याही ग्राहकाला, कुठल्याही तक्रारीवर चिकटवता येतं, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

तरीही ते ओरडलेच. अशा वेळी माणूस एका वाक्याने थांबत नाही, थांबेल अशी अपेक्षाही करू नये. साठलेलं बाहेर यावं लागतं. तुम्ही सगळे एकच पाठ केलेलं बोलता, तुमच्या कंपनीने माझे पैसे दाबून ठेवलेत, मी बँक बदलली, नोकरी बदलली, ते जुनं खातं बंद करून मोकळा झालो, तेवढ्या वेळात जग इकडचं तिकडे झालं आणि तुमचे सात दिवस काही संपत नाहीत! असा तो ओघ होता.

आणि इथे तिने पेन उचललं.

‘ताई, ते खातं बंद केल्याचं बोलले ना, तिथे मी थबकले. ते तर रागाच्या भरात बोलून गेले होते, मला सांगावं म्हणून नव्हे. पण मी लिहून घेतलं.’

हे समजायला रिफंड कसा जातो ते थोडं बघावं लागेल. कार्डाने दिलेले पैसे परत करताना विक्रेता ते सहसा त्याच कार्डाकडे पाठवतो. ते विक्रेत्याच्या पेमेंट गेटवेकडून, म्हणजे त्याच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडून, त्याच्या बँकेकडे, तिथून कार्ड नेटवर्ककडे आणि शेवटी ग्राहकाच्या बँकेकडे जातात. सपोर्ट एजंटच्या स्क्रीनवर बहुधा यातली पहिली पायरीच दिसते. आपल्या बाजूने पैसे सुटले की तिथे ‘प्रोसेस्ड’ येतं. पुढे काय झालं, ते त्या स्क्रीनला ठाऊक नसतं. नुसतं कार्ड बदललं असेल आणि खातं तेच असेल तर बँक सहसा रक्कम खात्याशी जुळवून घेते. पण खातंच बंद असेल तर काही वेळा ती रक्कम ग्राहकाच्या बँकेत अडकते, काही वेळा आल्या वाटेने परत फिरते. परत फिरली तर त्याची नोंद गेटवेच्या किंवा हिशेब विभागाच्या यादीत पडते. एजंटच्या स्क्रीनवर हिरवी खूण तशीच राहते.

म्हणजे आधीचे तिघे खोटं बोलत नव्हते. त्यांना जे दिसत होतं तेच ते सांगत होते. आणि ते गृहस्थही खरंच सांगत होते. बिघाड नेमका कुठे आहे, हे त्यांच्या रागावलेल्या बोलण्यातच होतं. फक्त ते ‘माझं खातं बंद असल्यामुळे रिफंड परत फिरला असावा’ अशा सुबक वाक्यात नव्हतं, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. ते शिव्याशापांच्या मध्ये, एका अर्ध्या वाक्यात होतं. कदाचित आधीच्या कॉलमध्येही ते हे बोलले असतील. पण समोरचा ओरडतो तेव्हा आपल्यापैकी बरेच जण तो संपायची वाट बघतात. कान उघडे असतात, पण आतून आपण आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो. शिवाय कॉल किती मिनिटं चालला याचा हिशेब डोक्यावर असतोच. हँडल टाइम वाढला की टीम लीड विचारतो. या कामातला तो दबाव खरा आहे, मी तो सोसला आहे, आणि त्यापायी माणसं कशी अर्धवट ऐकायला लागतात ते मी पाहिलं आहे.

तिने मग दोन प्रश्न विचारले. पहिला: ‘सर, ज्या कार्डाने पैसे भरले ते त्या बंद केलेल्या खात्याचं होतं का?’ पलीकडे क्षणभर शांतता. ‘हो. का?’

या ‘का?’वर मी बोट ठेवीन. राग उतरू लागल्याची खूण आवाजाच्या पट्टीवरून ओळखता येते, असं नव्या मुलांना वाटतं. तसं नसतं. आवाज खाली येऊनही माणूस मनातून निघून गेलेला असू शकतो. ‘ठीक आहे, राहू द्या’ असं थंडपणे म्हणणारा ग्राहक मला ओरडणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. खरी खूण ही, की तो तेच ते पुन्हा म्हणणं थांबवतो आणि प्रश्न विचारतो. प्रश्न विचारला म्हणजे समोरच्याकडे उत्तर असू शकतं, एवढा विश्वास परत आला.

दुसरा प्रश्न तिने विचारला तो हा: ‘हे पैसे अडकल्यामुळे सध्या तुमचं काय अडलंय?’

तेव्हा कळलं, की मुलीची ऑनलाइन परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. हे पैसे सुटेपर्यंत दुसरा लॅपटॉप घेणं त्यांना शक्य नव्हतं. मुलगी रोज विचारत होती, आणि ते रोज तिला सांगत होते, ‘येतील, सात दिवसांत येतील.’ म्हणजे कंपनीचं ते वाक्य आता त्यांच्या तोंडी आलं होतं. घरात खोटे ते पडत होते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली रसेल हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये अशा कामांसाठी ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. विमानात प्रवाशांची सेवा करणाऱ्या मुलींचा त्यांनी अभ्यास केला होता. चिडलेल्या प्रवाशाचा राग आपल्याला लागू नये म्हणून त्या मनाशी एखादं कारण कल्पत: याच्यावर काहीतरी मोठं संकट आलं असेल, म्हणून हा असा वागतो आहे. हा उपाय चालतो, आणि मीही तो पुष्कळ वापरला आहे. आपला पारा चढू नये यासाठी तो चांगला आहे. पण कल्पनेतल्या कारणावर काम करता येत नाही. त्याला तारीख नसते, त्यातून कुठल्या विभागाला काय सांगायचं ते ठरत नाही. खरं कारण विचारावं लागतं. आणि विचारायची हिंमत लागते, कारण उत्तर ऐकल्यावर ते आपल्या अंगावर येतं. मुलीची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे हे एकदा कळल्यावर हिला ‘विभागाकडे पाठवलं आहे’ म्हणून मोकळं होता येणार नव्हतं.

पैसे कधी मिळतील हे तिला सांगता येत नव्हतं. गेटवेची यादी बघायचा अधिकार तिच्याकडे नव्हता. तेही तिने स्पष्ट सांगितलं: ‘सर, पैसे कुठल्या तारखेला येतील हे मला आज सांगता येणार नाही, आणि अंदाजाने सांगणार नाही. रक्कम परत फिरली आहे का, हे आमच्या पेमेंट टीमला दिसतं. ते मी आजच विचारते आणि उद्या संध्याकाळी पाचच्या आत तुम्हाला स्वतः फोन करते. नवीन काही कळलं नसेल तरी करते.’

शेवटच्या वाक्यावर मी तिला फोनवरच शाबासकी दिली. बातमी असेल तेव्हा फोन कुणीही करतो. बातमी नसताना केलेला फोन ग्राहकाला सांगतो की आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत.

मग तिने पेमेंट टीमला पाठवायची नोंद लिहिली. या नोंदीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ग्राहकाविषयीची आस्था खरी तिथे कामाला लागते आणि ती कुणाच्या नजरेस पडत नाही. अशा वेळी साधारण लिहिलं जातं ते असं: ‘ग्राहक खूप संतापलेला आहे. चौथा कॉल. कृपया तातडीने बघावे.’ पेमेंट टीमकडे अशा तातडीच्या नोंदींचा ढीग असतो. ती माणसंही हिरवी खूण बघतात आणि ‘प्रोसेस्ड’ म्हणून तिकीट परत पाठवतात. हिने लिहिलं: ‘ज्या कार्डाने पैसे भरले त्याचं खातं ग्राहकाने रिफंड सुटण्याआधी बंद केलं आहे. रक्कम परत आली आहे का ते गेटवेवर तपासावं. परत आली नसेल तर रिफंडचा एआरएन द्यावा, म्हणजे ग्राहकाला त्यांच्या जुन्या बँकेत चौकशी करता येईल. परीक्षेसाठी दुसरा लॅपटॉप घ्यायचा आहे, पुढच्या आठवड्याच्या आत. मी उद्या पाचच्या आत त्यांना फोन करणार आहे.’

एआरएन म्हणजे कार्डाच्या व्यवहाराला मिळणारा २३ अंकी क्रमांक. पैसे कुठे पोचले याचा माग बँकेला त्यावरून काढता येतो. ग्राहकाने बँकेत जाऊन नुसतं ‘माझा रिफंड आला नाही’ म्हटलं, तर बँक त्याला पुन्हा विक्रेत्याकडे पाठवते. हातात हा क्रमांक असला की बँकेला शोध घेणं सोपं जातं. पहिल्या फोनलाच तो दिला गेला असता तर पुढचे फोन कदाचित झालेच नसते.

या नोंदीत ‘संतापलेला’ हा शब्द नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं. तिने रागाचं भाषांतर कामात केलं होतं: काय तपासायचं, नाही सापडलं तर काय द्यायचं, कधीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पेमेंट टीमचं उत्तर आलं. रक्कम खरोखरच परत फिरली होती आणि कंपनीच्या खात्यात पडून होती. हिने पाचच्या आधी फोन केला. जे झालं ते सरळ सांगितलं: पैसे आमच्याकडून निघाले होते, बंद खात्यामुळे परत आले, आणि परत आल्याचं आमच्या कॉल घेणाऱ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तुम्हाला तीनदा चुकीची आशा दिली गेली. क्षमा तिने इथे मागितली. आदल्या दिवशी मागितली असती तर ती कशाची, हे तिलाच ठाऊक नसतं. आता नेमकं कशाबद्दल, ते दोघांनाही माहीत होतं. नव्या खात्याचा तपशील तिने फोनवर घेतला नाही. ग्राहक सांगायला तयार असला तरी घ्यायचा नसतो. कंपनीच्या सुरक्षित फॉर्मची लिंक पाठवली, त्यांनी तो भरेपर्यंत लाइनवर थांबली. पैसे परीक्षेच्या आधी पोचले.

‘मग हे पत्रात का नाही?’ मी विचारलं.

‘एवढं सगळं कोण वाचणार, ताई? आणि त्यात माझं असं काय आहे? मी तर फक्त खातं बंद केल्याचं ऐकलं.’

मी म्हटलं, हेच लिही.

पण लिहिताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं, यावर आमची बरीच चर्चा झाली. ‘उद्धट भाषा’ काढली. ते वाक्य ठेवलं तर वाचणाऱ्याला पहिल्यांदा भेटतो तो उद्धट माणूस, मुलीच्या परीक्षेसाठी धडपडणारा बाप भेटतच नाही. आधीच्या तीन एजंटांबद्दल तिने एका मसुद्यात ‘सहकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं होतं, तेही काढायला लावलं. एक तर ते खरं नव्हतं, दोष स्क्रीनचा होता. दुसरं म्हणजे ग्राहकाशी बोलताना तिने ‘आमच्याकडून’ म्हटलं होतं, ‘त्या लोकांनी’ असं म्हटलं नव्हतं. कॉलवर जे भान ठेवलं ते पत्रात सोडायचं कशाला? कंपनीचं नाव पत्राच्या वरच्या भागात अनुभवात येणारच होतं, म्हणून या परिच्छेदात ग्राहकाची ओळख पटेल असं काहीही येणार नाही याची काळजी घेतली. नाव, गाव, ऑर्डरचा क्रमांक, रक्कम, बँकेचं नाव, काहीच नाही. जो अर्जदार जुन्या ग्राहकाचा तपशील नव्या ठिकाणी सहज सांगतो, त्याच्या हाती आपले ग्राहक द्यायला कुणीही कचरेल.

पेमेंट गेटवे, एआरएन वगैरे ठेवायचं का, यावर तिचा आग्रह होता की ठेवावं, म्हणजे ज्ञान दिसेल. मी म्हटलं, रिफंड परत फिरल्याचं तेवढं ठेव. वाचणारा कदाचित मनुष्यबळ विभागातला असेल, त्याला रिफंडचा प्रवास शिकवायची ही जागा नाही. कारण कळण्यापुरतं यायला हवं, बाकीचं मुलाखतीत. मुलाखतीत ते विचारतीलच. ‘तुम्हाला कसं कळलं की खातं बंद आहे?’, ‘पेमेंट टीमने नकार दिला असता तर?’ जे प्रत्यक्ष घडलं आहे त्यावरच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं. रचलेल्या प्रसंगाचा पाय दुसऱ्या प्रश्नालाच घसरतो. मुलाखती घेताना मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण त्याच उमेदवाराकडे एखादा साधा, खरा कॉल नक्की असतो. तो त्याला सांगण्यासारखा वाटलेला नसतो, इतकंच.

शेवटी तो परिच्छेद असा उतरला:

‘रद्द केलेल्या ऑर्डरच्या रिफंडसाठी चौथ्यांदा फोन करणारे एक ग्राहक माझ्याकडे आले. तिन्ही वेळा त्यांना पाच ते सात दिवस थांबायला सांगितले गेले होते. आधीच्या नोंदी वाचून मी सुरुवातीलाच सांगितले, की त्यांना सगळे पुन्हा सांगावे लागणार नाही आणि तेच उत्तरही मिळणार नाही. ते रागाने बोलत असताना त्यांनी जुने बँक खाते बंद केल्याचा ओझरता उल्लेख केला. आमच्या स्क्रीनवर रिफंड झालेला दिसत होता, पण बंद खात्यामुळे तो परत फिरला असावा, असे मला वाटले. पैसे अडकल्याने काय अडले आहे, असे विचारल्यावर मुलीच्या परीक्षेसाठी लॅपटॉप घेता येत नसल्याचे कळले. मला तारीख सांगता येत नव्हती, ते मी तसेच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत, बातमी असो वा नसो, फोन करण्याचे कबूल केले. पेमेंट टीमला नेमके काय तपासायचे ते लिहून कळवले. रक्कम परत आलेली सापडली. ठरलेल्या वेळी फोन करून मी कारण सांगितले, आमच्याकडून चुकीची आशा दिली गेल्याबद्दल क्षमा मागितली, आणि परीक्षेच्या आधी पैसे नव्या खात्यात जमा झाले. त्यानंतर परत फिरलेले रिफंड कॉल घेणाऱ्यांनाही दिसावेत, अशी सूचना मी टीम लीडला दिली.’

शेवटची सूचना तिने दिली होती हे मला परिच्छेद वाचतानाच कळलं. तोपर्यंत तिने त्याचा उल्लेखही केला नव्हता. ती सूचना अमलात आली का, हे तिने लिहिलं नाही, कारण आली नव्हती.

बाकीच्या पत्रात फारसं काही करायचं नव्हतं. वर दोन वाक्यं, कुठल्या पदासाठी आणि का. खाली दोन, किती काळ काम केलं आणि कॉल, चॅट, ईमेल यांपैकी कशावर. ‘मी सहनशील, मेहनती आणि ग्राहककेंद्रित आहे’ ही ओळ तिने स्वतःच खोडली, मला सांगावं लागलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं नाही. कॉल संपल्यावर ग्राहकाला जो मूल्यमापनाचा मेसेज जातो, त्यात त्या गृहस्थांनी पाचपैकी दोन गुण दिले होते. खाली लिहिलं होतं, ‘शेवटच्या मॅडम चांगल्या होत्या. बाकी सगळा मनस्ताप.’ पहिल्या मसुद्यातल्या ‘ग्राहक अत्यंत समाधानी झाले’ या वाक्यामागचं वास्तव हे होतं. मी म्हटलं, हे लिही. तू त्यांना शांत केलंस, पण त्यांचा मनस्ताप पुसला गेला नाही, आणि तो पुसला गेला असं तुला वाटत नाही, हे वाचणाऱ्याला कळू दे. माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर ती तिथेच थांबून तुला बोलावेल. ती म्हणाली, ‘तुमच्यासारखी कुणी वाचत नसेल तर? त्यांना फक्त दोन दिसतील.’

तिचं म्हणणं खोटं नाही. अर्ज चाळणारी माणसं घाईत असतात, आणि आकडा शब्दांच्या आधी नजरेत भरतो. तिने ते वाक्य गाळलं, ‘अत्यंत समाधानी’ही ठेवलं नाही, आणि पत्र पाठवून दिलं. मला अजूनही वाटतं, की ते दोन गुण त्या पत्रात असायला हवे होते.